सर्वाधिक गुण रूब्रिकच्या कोणत्या शब्दांत असतात?

प्रश्न: सर, मी नाशिकला एम.ए. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. मागच्या असाइनमेंटसाठी तीन आठवडे खपले, तरी ३० पैकी १८ गुण मिळाले. शेरा होता, ‘माहिती भरपूर, मूल्यमापन नाही.’ आता नवा विषय मिळाला आहे: ‘डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळातील कांदा निर्यातबंदीचा नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकांच्या उत्पन्नावर झालेल्या परिणामाचे चिकित्सक मूल्यमापन करा. शब्दमर्यादा १५००. किमान पाच स्रोत, त्यांपैकी दोन प्राथमिक.’ सोबत ३० गुणांचे रूब्रिक जोडले आहे. लिहायला बसण्याआधी यातले पूर्ण गुण कशाला आहेत, हे कसे ओळखायचे?

उत्तर:

तुम्ही रूब्रिक जोडले हे बरे केले, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्याच तक्त्यात आहे. मी गेली अनेक वर्षे अंतर्गत मूल्यमापनाच्या असाइनमेंट तपासतो आणि पुष्कळदा त्यांची रूब्रिकेही मीच तयार करतो. तपासताना आमच्यासमोर तुमचे लेखन आणि तो तक्ता शेजारी-शेजारी असतात. आम्ही एकेक ओळ घेतो, तुमचे पान कोणत्या रकान्यातल्या वर्णनाशी जुळते ते पाहतो आणि त्या रकान्यातला आकडा लिहितो. लेखन एकंदरीत आवडले म्हणून गुण वाढवण्याची सोय त्या तक्त्यात फारशी नसते. म्हणून जे शब्द वाचून आम्ही खूण करणार आहोत, ते शब्द तुम्ही आधी वाचायला हवेत.

सुरुवात विषयाच्या वाक्यापासून करा आणि ते वाक्य कागदावर उतरवून त्याचे तुकडे पाडा. क्रियापद आहे ‘चिकित्सक मूल्यमापन करा’. ज्या गोष्टीचे मूल्यमापन करायचे ती आहे ‘उत्पन्नावर झालेला परिणाम’. परिणाम कशाचा, तर निर्यातबंदीचा. कोणावर, तर नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकांवर. आणि कधी, तर डिसेंबर २०२३ ते मे २०२४. या पाच तुकड्यांपैकी एकही सुटला तर लेखन कितीही चांगले असले तरी ते दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर ठरते.

यांतील ‘उत्पन्न’ हा शब्द सर्वांत जास्त फसवतो. माझा अनुभव असा की अशा विषयावर दहांपैकी आठ विद्यार्थी कांद्याच्या भावावर लिहितात आणि आपण उत्पन्नावर लिहिले असे समजतात. भाव आणि उत्पन्न या वेगळ्या गोष्टी आहेत. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका शेतकऱ्याने ६० क्विंटल लाल कांदा विकला. बियाणे, लागवड, खते, काढणीची मजुरी, वाहतूक, हमाली, तोलाई असा त्याचा एकूण खर्च क्विंटलमागे १५०० रुपये आहे. भाव ३००० रुपये असता तर त्याच्या हाती निव्वळ ९०,००० रुपये राहिले असते. भाव १८०० झाला तर १८,००० रुपये राहतात. भाव ४० टक्क्यांनी उतरला, पण निव्वळ उत्पन्न ८० टक्क्यांनी घटले. प्रश्नातला ‘उत्पन्न’ हा शब्द ज्याने नीट वाचला त्यालाच हा फरक दिसतो, आणि हा फरक पहिल्या पानावर दिसला की तपासणाऱ्याला कळते की विद्यार्थ्याला विषय समजला आहे. म्हणजे शेतकऱ्यांशी बोलायला जाताना भाव विचारून भागणार नाही. किती क्विंटल विकला आणि खर्च काय आला हेही विचारावे लागेल. वाचनातला एक शब्द तुमची प्रश्नावली बदलतो, म्हणून हे काम माहिती गोळा करण्याच्या आधी करायचे असते.

क्रियापदाबद्दलही थोडे सांगतो. महाविद्यालयांत अभ्यासक्रमाची उद्दिष्टे लिहिताना आम्ही जी क्रियापदे वापरतो ती बहुतेक ब्लूम यांच्या १९५६ च्या वर्गीकरणावरून आणि त्याच्या २००१ मधील सुधारित रूपावरून आलेली आहेत. त्या उतरंडीत स्मरण आणि आकलन खाली असतात, विश्लेषण त्यांच्या वर आणि मूल्यमापन विश्लेषणाच्याही वर. ‘वर्णन करा’ म्हटले की काय घडले ते सांगणे पुरेसे असते. ‘विश्लेषण करा’ म्हटले की ते का आणि कसे घडले याची उकल करावी लागते. ‘मूल्यमापन करा’ यात त्याहून एक पायरी जास्त आहे: एखादा दावा पुराव्यांवर तोलून तो किती प्रमाणात टिकतो, याचा निवाडा द्यायचा असतो. तुमच्या मागच्या शेऱ्याचा अर्थ हाच होता. माहिती होती, कदाचित विश्लेषणही असेल, पण निवाडा नव्हता.

आता रूब्रिककडे वळू. तुमच्या तक्त्यात पाच ओळी आहेत: विषयाचे आकलन ५ गुण, पुराव्यांचा वापर ८, विश्लेषण व मूल्यमापन १०, रचना व भाषा ४, संदर्भलेखन ३. पुरावे आणि विश्लेषण मिळून १८ गुण होतात, म्हणजे साठ टक्के. कोणती ओळ जड आहे हे बहुतेक विद्यार्थी पाहतात, पण तेवढ्यावर थांबतात. खरे वाचन त्यापुढे सुरू होते. प्रत्येक जड ओळीत ‘उत्तम’ आणि ‘चांगले’ हे दोन रकाने शेजारी ठेवून वाचा आणि जे शब्द ‘उत्तम’मध्ये आहेत पण ‘चांगले’मध्ये नाहीत, तेवढेच अधोरेखित करा. खालचे रकाने त्या वेळी सोडून द्या. त्यांचा उपयोग कमीत कमी काय हवे हे कळण्यापुरता आहे.

विश्लेषणाच्या ओळीत ‘चांगले’ या रकान्यात, म्हणजे ६ ते ८ गुणांसाठी, असे लिहिले आहे: ‘परिणामाचे विश्लेषण करतो, निष्कर्ष बहुतांशी पुराव्यांवर आधारलेला आहे.’ ‘उत्तम’मध्ये, म्हणजे ९ ते १० गुणांसाठी: ‘परिणामाची कारणमीमांसा पुराव्यांच्या आधारे करतो, किमान एका पर्यायी स्पष्टीकरणाचा पडताळा घेतो आणि मर्यादा स्पष्ट करून समर्थनीय निष्कर्ष मांडतो.’ अधोरेखित करण्यासारखे शब्द तीन निघाले: पर्यायी स्पष्टीकरण, पडताळा, मर्यादा. विषयाच्या वाक्यात यांतले एकही मागितलेले नाही. केवळ विषय वाचून लिहिणारा हुशार विद्यार्थी इथे आठवर अडकतो आणि आपले काय चुकले हे त्याला कधीच कळत नाही. तसेच पुराव्यांच्या ओळीत ‘चांगले’ म्हणजे पाच स्रोत आणि दोन प्राथमिक पुरावे असणे. ‘उत्तम’साठी ते पुरावे ‘युक्तिवादात गुंफलेले’ हवेत आणि ‘स्रोतांच्या विश्वासार्हतेचा विचार’ हवा. म्हणजे सहावा आणि सातवा स्रोत जमवून या ओळीत वर जाता येणार नाही. पाचांपैकी दोन-तीन स्रोतांवर किती भरवसा ठेवता येतो आणि का, हे सांगितले तर जाता येईल.

‘आणि’ या छोट्या शब्दाकडेही लक्ष द्या. ‘पडताळा घेतो आणि मर्यादा स्पष्ट करून निष्कर्ष मांडतो’ याचा अर्थ दोन्ही हवे. एकच असेल तर तपासणारा तुम्हाला ‘चांगले’च्या वरच्या टोकाला ठेवील, ‘उत्तम’मध्ये घेणार नाही.

हे शब्द सापडले की प्रत्येकासमोर एक प्रश्न लिहायचा: माझ्या पानावर नेमके काय दिसले म्हणजे तपासणारा इथे खूण करील? तुमच्या विषयावर ते करून दाखवतो, कारण याच ठिकाणी मदत लागते.

पर्यायी स्पष्टीकरण म्हणजे काय? तुमचा मुख्य दावा असेल की निर्यातबंदीमुळे उत्पन्न घटले. पर्यायी स्पष्टीकरण म्हणजे उत्पन्न घटण्याचे दुसरे एखादे कारण, जे त्याच काळात काम करीत होते. नाशिकमध्ये राहणाऱ्याला ते शोधायला लांब जावे लागत नाही. निर्यातबंदी ८ डिसेंबर २०२३ ला आली आणि डिसेंबर म्हणजे लाल कांद्याची आवक वाढण्याचा काळ. आवक वाढली की निर्यातबंदी नसतानाही भाव उतरतात. दुसरे कारण पावसाचे: २०२३ मध्ये पाऊस कमी झाला आणि सिन्नर, येवला, मालेगाव हे तालुके राज्य शासनाच्या दुष्काळी यादीत आले. तिथल्या शेतकऱ्याचे उत्पन्न माल कमी निघाल्यामुळेही घटलेले असू शकते.

ही दोन कारणे नुसती सांगितली तर ती ‘दखल’ झाली. रूब्रिक ‘पडताळा’ मागते, म्हणजे त्या कारणाची परीक्षा घेऊन ते किती लागू पडते हे सांगायला हवे. आवकेच्या कारणाची परीक्षा अशी घेता येते. लासलगाव बाजार समितीच्या नोंदींमध्ये रोजची आवक आणि किमान, कमाल व सरासरी भाव असतात. बंदीच्या आधीचे दोन आठवडे आणि नंतरचे दोन आठवडे यांची आवक व सरासरी भाव शेजारी मांडा आणि मागच्या दोन वर्षांतल्या त्याच आठवड्यांशी त्यांची तुलना करा. आवक दरवर्षीच्या चालीनेच वाढली असेल, पण भाव मात्र एकदम खाली आला असेल, तर हंगाम हे पुरेसे स्पष्टीकरण नाही असे तुम्ही म्हणू शकता. उलट आवकच त्या आठवड्यात फार वाढली असेल, तर घसरणीचा काही भाग तिच्या खाती घालावा लागेल. निकाल कोणत्याही बाजूने लागो, गुण तुलना करून दाखवल्याचे आहेत. निकाल आपल्या मुख्य दाव्याच्या विरुद्ध गेला म्हणून तो लपवणे ही या ओळीतली सर्वांत महागडी चूक आहे.

तुलनेसाठी ‘आधीचा’ काळ निवडतानाही सावध राहा. डिसेंबरच्या आधी निर्यात पूर्ण खुली होती असे अनेकांना वाटते. ऑगस्ट २०२३ मध्येच कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले होते आणि ऑक्टोबरच्या अखेरीस टनामागे ८०० डॉलर हे किमान निर्यातमूल्य ठरले होते. त्यामुळे नोव्हेंबरच्या भावाशी तुलना करताना तुम्ही बंधनाची तुलना जास्त कडक बंधनाशी करीत आहात, मोकळ्या बाजाराशी नाही. त्याचप्रमाणे ४ मे २०२४ ला बंदी उठली तेव्हाही ४० टक्के शुल्क आणि टनामागे ५५० डॉलर किमान मूल्य लागू होते. हे एका वाक्यात लिहिले तरी ‘मर्यादा’ या शब्दासमोर खूण होते, कारण तुमचा निष्कर्ष कुठपर्यंत लागू आहे हे त्यातून कळते.

याच ओळीत आणखी एक गोष्ट नाशिकच्या विद्यार्थ्याला सहज साधेल. ‘कांदा उत्पादक’ हा एकजिनसी गट नाही. डिसेंबर ते मार्च या काळात लाल आणि रांगडा कांदा बाजारात येतो. तो टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. मार्चनंतर उन्हाळ कांदा निघतो आणि ज्याच्याकडे कांदाचाळ आहे तो शेतकरी तो काही महिने राखून ठेवू शकतो. त्यामुळे तीच बंदी पहिल्याला जास्त बाधली असणार, आणि दुसऱ्याने मे महिन्यानंतर माल विकला असेल तर त्याचे नुकसान कदाचित या प्रश्नाच्या कालमर्यादेत दिसणारही नाही. ‘परिणाम सर्वांवर सारखा झाला नाही, आणि फरक माल राखून ठेवण्याच्या क्षमतेचा होता’ असा निष्कर्ष ‘शेतकऱ्यांचे मोठे नुकसान झाले’ यापेक्षा कितीतरी अधिक समर्थनीय आहे. यालाच मी वर निवाडा म्हटले.

पुराव्यांच्या ओळीसाठी प्राथमिक स्रोत म्हणजे काय, हे आधी ठरवा. निर्यातबंदीची मूळ अधिसूचना, बाजार समितीच्या भावनोंदी, तुम्ही स्वतः घेतलेल्या शेतकऱ्यांच्या मुलाखती आणि त्यांच्याकडच्या हिशोबपट्ट्या हे साधारणपणे प्राथमिक धरले जातात. वर्तमानपत्रातली बातमी बहुतेक शिक्षक दुय्यम मानतात. विश्वासार्हतेचा विचार म्हणजे लांबलचक चर्चा नव्हे. ‘या तीन शेतकऱ्यांनी सांगितलेला खर्च आठवणीतून आहे, पण भाव त्यांच्या हिशोबपट्ट्यांवरून पडताळला आहे’ एवढे एक वाक्य योग्य जागी आले तरी पुरते. तीन मुलाखतींवरून संपूर्ण जिल्ह्याबद्दल विधान करू नका. ‘या तिघांच्या बाबतीत’ असे लिहा. त्याने गुण कमी होत नाहीत.

शब्दांची वाटणी गुणांच्या प्रमाणात करायची असा सल्ला नेहमी दिला जातो, तो जसाच्या तसा पाळू नका. रचना आणि संदर्भलेखन यांना ७ गुण आहेत, पण त्यांना वेगळे शब्द लागत नाहीत, काळजी लागते. पुराव्यांनाही स्वतंत्र परिच्छेद नको, ते विश्लेषणातच यायला हवेत. म्हणून माझा हिशेब असा: प्रस्तावना आणि प्रश्नाची उकल २०० शब्द, बंदीची पार्श्वभूमी १५०, मुख्य विश्लेषण ६००, पर्यायी स्पष्टीकरणांचा पडताळा ३००, मर्यादांसह निष्कर्ष २५०. पार्श्वभूमीला १५० च शब्द पाहून तुम्हाला चुकल्यासारखे वाटेल. माझ्याकडे आलेल्या एका असाइनमेंटमध्ये नाशिकच्या कांद्याचा इतिहास, जमिनीचा पोत आणि वाणांची माहिती मिळून सातशे शब्द होते. ती मजकुराने उत्तम होती, पण त्या सातशे शब्दांना जागा देणारी ओळच माझ्या रूब्रिकमध्ये नव्हती. त्या मुलीचे श्रम मला दिसत होते आणि तरी गुण देता येत नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते.

पडताळ्याचा भाग वेगळ्या परिच्छेदात ठेवा आणि त्याच्या पहिल्या वाक्यात सांगा की आता दुसऱ्या कारणाची परीक्षा घेत आहे. साठ प्रती तपासणारा माणूस विश्लेषणात विरघळलेला पडताळा अप्रामाणिकपणाने वगळत नाही, पण त्याच्या नजरेतून तो निसटतो.

रूब्रिक कधी कधी सदोषही असते. जुन्या विषयासाठी केलेला तक्ता तसाच नव्या विषयाला लावलेला असतो, किंवा विषयात ‘मूल्यमापन’ असते आणि तक्त्यात फक्त ‘सविस्तर माहिती’. अशा वेळी स्वतः अर्थ लावत बसू नका, शिक्षकांना विचारा. पण ‘सर, कसे लिहू?’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर ‘नीट लिहा’ एवढेच येते. ज्याचे उत्तर हो किंवा नाही असे येईल असाच प्रश्न घेऊन जा. तुमच्या बाबतीत मला असे तीन प्रश्न दिसतात. बाजार समितीच्या संकेतस्थळावरची भावनोंद प्राथमिक स्रोत धरली जाईल का? संदर्भयादी आणि तक्ते १५०० शब्दांत मोजायचे का? आणि मेच्या पहिल्या आठवड्यात बंदी उठल्यानंतर विकलेला माल अभ्यासात घेतला तर चालेल का? पहिल्या उत्तरावर तुमचा लासलगावचा फेरा ठरेल, दुसऱ्यावर तक्त्यांची संख्या आणि तिसऱ्यावर उन्हाळ कांद्याचे सगळे विवेचन. उत्तरे मिळाली की ती सूचनापत्रकाच्याच कागदावर तारखेसह लिहून ठेवा.

हे सगळे करायला एक संध्याकाळ पुरते. त्या संध्याकाळच्या अखेरीस तुमच्या हाती एकच पान हवे: डावीकडे ‘उत्तम’ रकान्यातले अधोरेखित शब्द आणि उजवीकडे प्रत्येकासमोर तो शब्द पुरा करणारा पुरावा किंवा परिच्छेद. उजवीकडे जिथे काही लिहिता आले नाही, तिथून माहिती गोळा करायला सुरुवात करा. मसुदा झाला की तेच पान एखाद्या मैत्रिणीच्या हाती द्या, तुमचे लेखन तिला वाचायला सांगा आणि प्रत्येक शब्दासमोर तुमच्या मजकुरातला परिच्छेद क्रमांक तिला लिहू द्या. ‘पडताळा’ या शब्दासमोर तिला क्रमांक लिहिता आला नाही, तर तो तुमच्या मनात असेल, पण कागदावर आलेला नाही.